तुळशीच्या लग्नाआधीची जाहिरात

लग्न ठरतं दोन घरांत, पण त्याची तारीख पक्की होते ती मंगल कार्यालयाच्या वहीत. सुपारी फुटते, गुरुजी तीन-चार मुहूर्त काढून देतात आणि मुलीचे वडील एखाद्या काकाला सोबत घेऊन कार्यालयं पाहायला निघतात. पहिल्या मुहूर्ताला कार्यालय गेलेलं असतं. दुसऱ्याला मिळतं, पण गाड्या लावायला जागा नसते. तिसरा जमतो. वहीत नाव लागलं, आगाऊ रक्कम दिली, की मग उरलेलं लग्न त्या तारखेभोवती जुळायला लागतं. जेवण बहुतेक वेळा कार्यालयाच्या ठरलेल्या केटररकडेच जातं. डेकोरेशन, मेकअप, मेहंदी, बँड यांची शोधाशोध सुरू होते आणि याच टप्प्यावर घरातली कोणीतरी म्हणते, "फोटोवाला कोण बघायचा?"

फोटोग्राफरच्या जाहिरातीचं गणित या प्रश्नापासून सुरू होतं. तरीही आपल्याकडचे बरेच स्टुडिओ जाहिरात करतात ती भर मे महिन्यात. कारण साधं आहे. हातात ताजे फोटो असतात, खिशात पैसे असतात आणि आजूबाजूला सगळीकडे लग्नंच दिसत असतात. पण मे महिन्यात ज्याचं लग्न आहे त्याचा फोटोग्राफर केव्हाच ठरलेला असतो, आणि जाहिरात पाहून ज्याने चौकशी केली त्याच्याशी बोलायला फोटोग्राफर मोकळा नसतो, कारण तो त्या वेळी अंतरपाटापाशी कॅमेरा घेऊन उभा असतो. लग्नांचा हंगाम आणि लग्नाच्या कामांची जाहिरात करण्याचा हंगाम हे दोन वेगळे हंगाम आहेत. त्यांच्यात किती अंतर आहे हे ज्याला कळलं त्याचे जाहिरातीचे निम्मे पैसे वाचले.

हे अंतर सगळीकडे सारखं नाही. पुण्या-मुंबईत, किंवा गोव्याला जाऊन लग्न करणाऱ्या घरांत, आठ-दहा महिने आधी फोटोग्राफर ठरतो. सांगली, सातारा, लातूर, जळगावात ठरवून केलेलं लग्न असेल तर सुपारीपासून अक्षतांपर्यंत दोन-तीन महिनेही पुष्कळ होतात. तेव्हा "सहा महिने आधी जाहिरात करा" असा सरसकट सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. आपल्या मागच्या तीस-चाळीस कामांची वही काढावी आणि प्रत्येक कामापुढे दोन तारखा लिहाव्यात: टोकन कधी आलं आणि लग्न कधी झालं. त्यांच्यामधले दिवस मोजले की आपल्या गावाचा, आपल्या दराचा आणि आपल्या गिऱ्हाइकाचा खरा अवधी हातात येतो. साधारण असं दिसतं की महाग काम लवकर ठरतं आणि स्वस्त काम उशिरा. म्हणजे एकाच स्टुडिओत दोन अवधी असू शकतात.

दुसरी गोष्ट पंचांगाची. किराणा दुकानातली साखर आज खपली नाही तर उद्या खपते. फोटोग्राफरचा माल म्हणजे तारीख. ती एकदाच विकता येते, आणि गेली की गेली. त्यातही सगळ्या तारखा सारख्या नाहीत. वर्तमानपत्रात ज्या दिवशी "दाट लग्नतिथीमुळे महामार्गावर कोंडी" अशी बातमी येते, त्या दिवशी गावातला प्रत्येक कॅमेरा कामावर असतो. चार दिवसांनी तोच कॅमेरा कपाटात पडून असतो.

शिवाय या तारखा दरवर्षी सरकतात. २०२४ साली गुरू आणि शुक्र दोघांचेही अस्त एकमेकांना लागून आले आणि मे-जून हे ऐन लग्नाचे महिने जवळजवळ मुहूर्तांविना गेले. ज्यांनी जानेवारीत नेहमीच्या सवयीने "मे महिन्यासाठी बुकिंग सुरू" अशी जाहिरात लावली, त्यांनी जे महिने विकायचेच नव्हते त्यांच्यावर पैसे घातले. २०२६ची गंमत वेगळी. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. अधिक महिन्यात लग्न नाही, म्हणजे उन्हाळ्याचा हंगाम मेच्या मध्यावरच तुटतो आणि उरलेले मुहूर्त निज ज्येष्ठात, भर पावसात जातात. त्याचा धक्का तिथेच थांबत नाही. अधिक महिन्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा येतात. २०२५मध्ये तुळशीची लग्नं २ नोव्हेंबरला सुरू झाली होती, २०२६मध्ये ती २१ नोव्हेंबरच्या आसपास येतात. इकडे धनुर्मास मात्र सूर्यावर चालतो, तो डिसेंबरच्या मध्यावर लागायचा तो लागतोच. म्हणजे तुळशीचं लग्न ते धनुर्मास हा एरवी पाच-सहा आठवड्यांचा पट्टा त्या वर्षी साडेतीन आठवड्यांचा होतो. तेवढ्याच लग्नांना कमी तारखा, म्हणजे त्या तारखा जास्त दाट. त्यातून सिंहस्थात लग्न नको असं मानणारी घरं आहेत आणि नाशिकच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६चं. कोणत्या घरात काय पाळतात हे गुरुजी सांगतील, पण फोटोग्राफरला ते आधी कळलेलं बरं.

म्हणून जाहिरातीचं पहिलं काम मोबाइलवर नाही, पंचांग घेऊन टेबलावर होतं. वर्षाचे विवाहमुहूर्त उतरवून घ्यायचे. ओळखीच्या दोन-तीन गुरुजींना विचारायचं की यातले लोक कोणते धरतात. रविवारी किंवा सुट्टीला लागून आलेला मुहूर्त सर्वांत दाट, आठवड्याच्या मधला विरळ. मग प्रत्येक तारखेपुढे आपली क्षमता लिहायची. या यादीशिवाय लावलेली जाहिरात म्हणजे दुकानात काय शिल्लक आहे ते न बघता दवंडी पिटणं.

आता एक उदाहरण नीट सोडवून पाहू. सांगलीतला एक मध्यम स्टुडिओ धरा; आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. मालक स्वतः कॅन्डिड काढतो, एक जण ट्रॅडिशनल, एक जण व्हिडिओ, ड्रोनवाला बाहेरून. गरज पडली तर फ्रीलान्सर जमवून दुसरी टीम उभी राहते. हळद, साखरपुडा, लग्न आणि करिश्मा अल्बम धरून सरासरी काम ऐंशी हजारांचं. वर्षभरात जाहिरातीला एक लाख वीस हजार खर्च करायची तयारी आहे. सवय अशी की दरमहा दहा हजार इन्स्टाग्रामवर घालायचे आणि जे येईल ते घ्यायचं.

२०२६च्या उत्तरार्धासाठी या पैशांची मांडणी अशी बदलते. गणपती १४ सप्टेंबरला बसतात. त्या दिवसांत पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली मुलं घरी येतात, गौरीच्या जेवणाला पाहुणे जमतात आणि स्थळांच्या, तारखांच्या गोष्टी निघतात. मोठा खर्च ऑगस्टच्या शेवटापासून पितृपक्ष लागेपर्यंत, म्हणजे साधारण २६ सप्टेंबरपर्यंत. पितृपक्षात नवं काही ठरवायचं नाही, टोकन द्यायचं नाही अशी पद्धत असते, पण मोबाइल बघायला कोणी मनाई केलेली नसते. त्या पंधरवड्यात "आजच बुक करा" म्हणणारी जाहिरात वाया जाते. तेव्हा नुसतं एखादं पूर्ण लग्न दाखवणारी फिल्म थोड्या पैशांत फिरत ठेवायची. घटस्थापना ११ ऑक्टोबरला, दसरा २० ऑक्टोबरला. चांगल्या दिवशी पैसे द्यायचे म्हणून थांबलेली माणसं दसऱ्याला आणि १० नोव्हेंबरच्या पाडव्याला टोकन देतात. या दोन दिवसांच्या आधीचा आठवडा नव्या जाहिरातीचा नाही, जुन्या चौकशांना फोन करण्याचा आहे. तुळशीची लग्नं लागली की जाहिरात बंद.

जाहिरात दाखवायची कोणाला, हाही प्रश्न या गावांत सरळ नाही. सांगलीतलं लग्न असलं तरी नवरी मुलगी हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी करत असते. फोटोग्राफर तीच शोधते, तेही रात्री अकरानंतर. जाहिरात फक्त सांगली-मिरजेच्या परिघात लावली तर ती तिला दिसतच नाही. पुण्यात लावायची तर जाहिरातीत मोठ्या अक्षरांत "लग्न सांगली, मिरज, कोल्हापूरला आहे?" हे आधी यायला हवं, म्हणजे बाकीचे पुणेकर आपोआप पुढे सरकतात. "एंगेज्ड" असा शेरा टाकलेल्या लोकांनाच जाहिरात दाखवण्याची सोय पाश्चात्त्य देशांतल्या व्यावसायिकांना उपयोगी पडली असेल. आपल्याकडे लग्न ठरल्याचं फेसबुकला कळवण्याआधी मुलगी आत्याला कळवते. त्यापेक्षा ज्या कार्यालयांत आपण काम केलं आहे त्यांची नावं फोटोखाली असणं जास्त कामाचं. ज्यांनी ते कार्यालय नुकतंच ठरवलं आहे ते त्याच्या नावाने शोधत असतात.

सप्टेंबरात आपल्या स्टुडिओने अठरा हजार रुपयांची जाहिरात लावली असं धरू. दाबलं की थेट व्हॉट्सॲप उघडतं, तशी. अठरा टक्के जीएसटी धरून खर्च २१,२४०. महिन्याभरात ४० मेसेज आले. त्यातल्या १८ जणांनी "प्राइस?" एवढंच विचारलं आणि उत्तर मिळाल्यावर गप्प झाले. २२ जणांनी तारीख सांगितली. त्यांपैकी सात जणांची तारीख आधीच गेलेली होती. उरले १५. त्यातले नऊ जण फोनवर बोलले किंवा स्टुडिओत आले. चौघांनी टोकन दिलं. म्हणजे एका कामाला जाहिरातीचा खर्च पडला ५,३१० रुपये, ऐंशी हजारांच्या कामावर. वाईट नाही.

आता शेजारच्या स्टुडिओचं बघा. त्याने तेवढ्याच पैशांत "संपूर्ण लग्न फक्त ३५,०००" अशी जाहिरात केली आणि त्याला ११० मेसेज आले. त्याच्या स्क्रीनवर एका मेसेजचा खर्च एकशे चौसष्ट रुपये दिसतो, आपल्याकडे साडेचारशे. तो खूश आहे. पण ३५ हजारांत ड्रोन नाही, अल्बम नाही, हळद नाही हे कळल्यावर त्याच्याकडून माणसं गळतात. हातात एकच काम येतं आणि ११० जणांना उत्तरं देण्यात घरच्यांचा महिना जातो. स्वस्त चौकशी आणि स्वस्त काम यांचा संबंध बहुतेक वेळा उलटा असतो. दर जाहिरातीतच सांगावा का यावर फोटोग्राफरांत वाद आहेत. माझं मत असं की "कामं साठ हजारांपासून" एवढं तरी लिहावं. मेसेज कमी येतील, पण जे येतील त्यांच्याशी बोलणं परवडेल.

या हिशेबातली खरी फसवणूक मात्र वेगळीच आहे, आणि चांगले चांगले तिथे चुकतात. त्या चार टोकनांपैकी सप्टेंबरात आलं एकच. एक दसऱ्याला, एक पाडव्याला आणि एक तर नोव्हेंबरच्या मध्यावर, फेब्रुवारीतल्या लग्नासाठी. जाहिरातीची कंपनी साधारणपणे दाबल्यापासून सात दिवसांत जे घडलं तेच जाहिरातीच्या खात्यावर जमा धरते. त्यातून व्हॉट्सॲपवर बोलणं होऊन स्टुडिओत रोख किंवा यूपीआयने दिलेलं टोकन तिला दिसतच नाही. त्यामुळे मालकाने १५ सप्टेंबरला स्क्रीन पाहिली तर दिसणार, "मेसेज वीस, काम शून्य." तो वैतागून जाहिरात बंद करतो. दसऱ्याला टोकन येतं तेव्हा त्याला वाटतं हे ओळखीतून आलं, कारण फोन मुलीच्या वडिलांचा असतो आणि मेसेज मुलीने केलेला होता.

यावर उपाय स्वस्त आहे: एक साधी वही किंवा एक्सेलचा कागद. प्रत्येक चौकशीची एक ओळ. चौकशीची तारीख, लग्नाची तारीख, गाव, कार्यालय, कोणी विचारलं, कुठून कळलं, शेवटचं बोलणं कधी झालं, शेवटी काय झालं. महत्त्वाचं हे की टोकन ज्या महिन्यात आलं त्या महिन्यात ते मोजायचं नाही. चौकशी ज्या महिन्यातली, त्या महिन्याच्या ओळीत ते लिहायचं. सप्टेंबरच्या जाहिरातीचा निकाल डिसेंबरात लावायचा. तोवर जाहिरात बरी चालली आहे का हे बघायचं असेल तर एकच आकडा पुरतो: किती जणांनी न विचारता किंवा विचारल्याबरोबर लग्नाची तारीख सांगितली. ज्याच्याकडे तारीख आहे त्याच्याकडे लग्न आहे. चाळिसातल्या बावीस जणांनी सांगितली, म्हणजे जाहिरात योग्य लोकांना दिसते आहे. तोच आकडा चाळिसात सहा झाला तर जाहिरात बदलायची, दोन महिने वाट बघायची नाही. आणि टोकन घेताना मुलीला एकदा विचारायचं, "पहिल्यांदा कुठे बघितलं होतं आमचं काम?" वडिलांना विचारलं तर ते "आमच्या साडूने सांगितलं" म्हणतील, आणि तेही खोटं नसेल.

मधल्या काळात चौकशी टिकवायची कशी, हा यातला सर्वांत नाजूक भाग. "प्राइस?" असा एका शब्दाचा मेसेज आला की बहुतेक स्टुडिओ पॅकेजची पीडीएफ पाठवून मोकळे होतात. तिथेच बोलणं संपतं. समोरच्याला दुसरं काय विचारायचं ते माहीत नसतं म्हणून तो किंमत विचारतो. त्याला उलट तीन गोष्टी विचाराव्यात: तारीख कोणती, कार्यालय कोणतं, कोणकोणते कार्यक्रम? तारीख पाहून लगेच सांगायचं की ती मोकळी आहे की गेली. गेली असेल तर तसं सांगून ओळखीच्या दुसऱ्या फोटोग्राफरचं नाव द्यायचं. तोही पुढे आपलं नाव देतो, आणि दाट तिथीला असे व्यवहार दोन्ही बाजूंनी होतात.

उत्तर त्याच दिवशी जायला हवं. चौकशी करणाऱ्या मुलीने एकाच रात्री चार-पाच जणांना मेसेज टाकलेला असतो आणि जो आधी नीट बोलतो त्याच्याशी तिचं बोलणं पुढे जातं. यासाठी लग्नाच्या दिवशी कॅमेरा धरणाऱ्याने मोबाइल धरू नये. घरातल्या कोणाकडे, किंवा एडिटिंग करणाऱ्या मुलाकडे, तो फोन असावा. "मी आज लग्नावर आहे, तारीख पाहून रात्री सांगतो" असा आपोआप जाणारा मेसेजही चालतो, फक्त रात्री खरंच सांगायला हवं.

दुसऱ्या टप्प्यावर पाठवायचं ते निवडक वीस फोटो नव्हेत. ते सगळ्यांचेच चांगले असतात. तिच्याच कार्यालयात, किंवा तशाच पिवळ्या दिव्यांच्या आणि खांबांच्या कार्यालयात झालेलं एक संपूर्ण लग्न पाठवावं: सीमांतपूजन, कानपिळी, मंगलाष्टकांच्या वेळी आईचा चेहरा, पंगतीतले आजोबा, पाठवणी. बारा एकवीसच्या मुहूर्ताला प्रखर उजेडात फोटो कसे येतात आणि गोरज मुहूर्ताला हॉलच्या दिव्यांत कसे येतात, हे तिला त्यातून दिसतं. याच टप्प्यावर दुसरं माणूस बोलण्यात येतं, बहुधा वडील किंवा भाऊ. त्यांचे प्रश्न वेगळे. अल्बमची पानं किती, मिळणार कधी, आमच्याकडून आणि मुलाकडून वेगवेगळा फोटोग्राफर की एकच, एकच असेल तर पैसे निम्मे कसे करायचे, तुमची माणसं किती जेवणार. मुलीला पाठवलेला मजकूर त्यांना पुढे ढकलून चालत नाही. त्यांना एका पानावर, मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलेला अंदाज हवा असतो, जो त्यांना व्याह्यांना दाखवता येईल.

नंतरचे फोन किती आणि कधी? मला योग्य वाटणारी चाल अशी: तिसऱ्या दिवशी एक मेसेज, दहाएक दिवसांनी एक फोन, आणि मग थांबायचं. त्यानंतर बोलायला खरं कारण लागतं. खरं कारण एकच असतं: त्याच तारखेची दुसरी चौकशी आली. तेव्हा पहिल्या घराला फोन करून सांगायचं, "ताई, २७ तारखेला दुसरीकडून विचारणा आली आहे. तुम्ही आधी विचारलं होतं म्हणून रविवारपर्यंत तारीख तुमच्यासाठी ठेवतो. नको असेल तर तसं सांगा, हरकत नाही." हा फोन बऱ्याचदा काम मिळवतो, पण तो खरा असेल तरच. दुसरी चौकशी नसताना हेच वाक्य फेकणारे लोक आहेत. छोट्या गावात दोन्ही घरांचे गुरुजी एकच निघतात, आणि मग ही थाप त्यांच्याकडून पुढच्या दहा घरांत पोहोचते.

व्हॉट्सॲपवर सगळ्या चौकशांना एकदम शुभेच्छापत्र पाठवण्याचा मोह होतो. ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज फक्त ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये साठवला आहे त्यांनाच पोहोचतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. दोनशे जणांना पाठवलेला दिवाळीचा मेसेज तीस जणांना पोहोचला असेल. त्यापेक्षा व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये प्रत्येक चौकशीला लेबल लावता येतं; तिथे लग्नाचा महिना लिहावा. "फेब्रुवारी" लेबलाची माणसं वेगळी दिसली की कोणाला कधी बोलायचं ते ठरतं. आणि ज्याची लग्नतारीख उलटली त्याला यादीतून काढावं. लग्न होऊन महिना झालेल्या मुलीला "तुमच्या लग्नासाठी खास सवलत" पाठवणारे स्टुडिओ मी पाहिले आहेत.

सवलतीचंच निघालं म्हणून. दाट तिथीला सवलत देणं म्हणजे जे आपोआप जाणार होतं ते स्वस्तात देणं. सवलत असेल तर ती विरळ तारखांना, मंगळवार-बुधवारच्या मुहूर्तांना, नोंदणी विवाहाला, चातुर्मासातल्या काढीव मुहूर्तांना. म्हणून ऑक्टोबरमध्ये दाट तारखा भरत आल्या की जाहिरातीचा मजकूर बदलायला हवा. मोठ्या तारखांचं नाव काढायचं नाही, शिल्लक तारखाच लिहायच्या. त्या न लिहिल्याने काय होतं ते आपल्या उदाहरणात दिसलं: बावीसातल्या सात जणांना नाही म्हणावं लागलं. तारीख सांगणाऱ्यांतला जवळजवळ तिसरा हिस्सा अशा लोकांचा होता ज्यांचं काम घेता येणारच नव्हतं.

जाहिरातीला लागणारा माल मात्र हंगामातच तयार होतो, आणि इथे कायद्याची एक बाजू आहे जी फोटोग्राफरांना उशिरा कळते. पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमातच तसं आहे. म्हणजे "मी काढला, माझा फोटो" हे लग्नाच्या बाबतीत लागू पडत नाही. जाहिरातीत वापरायचा तर टोकनच्या पावतीवरच तशी संमती घ्यावी आणि कोणते कार्यक्रम वापरणार ते लिहावं. लग्नाचे चालतील पण हळदीचे नकोत, असं पुष्कळ घरं सांगतात, आणि ते पाळलं पाहिजे. गाण्यांचंही तसंच. सिनेमाच्या गाण्यावर बांधलेलं रील नुसतं टाकलं तर चालून जातं, पण पैसे लावून पुढे ढकलायला गेलं की अडतं, कारण व्यावसायिक वापराचा परवाना नसतो. जाहिरातीचं रील सनई-चौघड्याच्या परवान्याच्या ध्वनिमुद्रणावर, किंवा नुसत्या लग्नघरातल्या आवाजावर बांधलं तर हा प्रश्न येत नाही, आणि मला तरी तेच जास्त गोड वाटतं.

एक मर्यादा जाहिरातीच्या पलीकडची आहे. आपल्या स्टुडिओत एक जण महिन्याला चार लग्नांचं एडिटिंग आणि अल्बमची मांडणी पूर्ण करतो असं धरा. साडेतीन आठवड्यांत दोन टीमनी चौदा लग्नं केली, तर शेवटचा अल्बम द्यायला पाडवा उजाडतो. नोव्हेंबरात लग्न झालेल्या घराने मार्चपर्यंत अल्बमची वाट पाहिली, तर त्या घरातल्या बहिणीचं, चुलतभावाचं लग्न दुसरीकडे जातं, आणि ती दोन कामं मिळवायला पुन्हा दहा हजारांची जाहिरात लागते. तेव्हा सप्टेंबरात जाहिरात कधी थांबवायची हे तारखा संपण्यावर नाही, एडिटिंगच्या रांगेवर ठरवावं. नऊ-दहा कामं झाली की नव्या चौकशीला अल्बमची खरी तारीख सांगायची. काही जण त्यावरून सोडून जातील. काही थांबतील.

केटररची चाल यापेक्षा थोडी वेगळी, कारण तो कार्यालयाला बांधलेला असतो. त्याची खरी जाहिरात कार्यालयाच्या व्यवस्थापकापाशी आणि चाखायला बोलावलेल्या जेवणात होते. इन्स्टाग्रामवर मसालेभात आणि जिलेबी छान दिसते, पण पानामागे किती हा प्रश्न फोनवरच येतो. मात्र ज्या कार्यालयात बाहेरचा आचारी चालतो अशी कार्यालयं शोधून तेवढ्यांच्याच नावावर जाहिरात लावणारा केटरर हुशार म्हणावा.

डिसेंबरच्या मध्यावर धनुर्मास लागला, की सप्टेंबरच्या चाळीस ओळी पुन्हा उघडायच्या. टोकन कोणत्या आठवड्यात आलं, कोणत्या कार्यालयाची लग्नं जास्त होती, पुण्याहून आलेल्या मेसेजांतून किती कामं झाली आणि सांगलीहून किती, हे तिथेच दिसतं. त्याचा उपयोग लगेच आहे. ८ जानेवारी २०२७ला पौष लागतो. अनेक घरं पौषात लग्न करत नाहीत, पण माघात करायचं म्हणून कार्यालय याच महिन्यात ठरवतात, आणि एप्रिल-मेच्या तारखांसाठीही फिरू लागतात. माघ ७ फेब्रुवारीला लागतो आणि गुढीपाडवा ७ एप्रिलला आहे. म्हणजे उन्हाळ्याच्या हंगामाची जाहिरात संक्रांतीच्या आठवड्यात सुरू करायची. त्या जाहिरातीत लावायचे फोटो नोव्हेंबरच्या लग्नांतले, आणि पावतीवर ज्यांची संमती आहे त्यांचेच.